ज्येष्ठांच्या व्यायामवर्गाची पाटी

साठी ओलांडलेल्यांसाठी चालणाऱ्या हलक्या व्यायामाच्या वर्गाला नाव देताना दोन बाजूंना घसरायची भीती असते. एका बाजूला लाडाची, कौतुकाची, थोडी कीव करणारी नावे असतात: ‘आजी-आजोबा फिटनेस’, ‘सोनेरी सांज’, ‘दुसरे बालपण’. दुसऱ्या बाजूला दवाखान्याचा वास येणारी: ‘सीनिअर केअर’, ‘जॉइंट क्लिनिक’, ‘निरामय थेरपी सेंटर’. पहिल्या प्रकारच्या पाटीखालून आत जाणाऱ्याला आपण म्हातारे झालो हे मान्य करावे लागते, दुसऱ्या प्रकारच्या पाटीखालून जाताना आपण आजारी आहोत हे. जी व्यक्ती रोज भाजी आणते, नातवाला शाळेत सोडते आणि फक्त जिना चढताना कठडा धरते, तिला यांतले काहीच मान्य नसते. म्हणून ती पाटी वाचते आणि पुढे जाते.

वर्गात प्रत्यक्ष काय चालते हे आधी पाहिले पाहिजे, कारण चांगले नाव बहुतेक वेळा तिथूनच निघते. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे आणि सावकाश बसणे, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल टाचेला चवडा लावून टाकत सरळ रेषेत चालणे, रबरी पट्टा ओढून खांदे आणि पाठ बळकट करणे, मान आणि घोटे सावकाश फिरवणे, हा अशा वर्गाचा नेहमीचा ऐवज. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांत 65 वर्षांपुढच्या लोकांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. शिवाय तोल आणि ताकद या दोन्हींवर भर देणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असेही सांगितले आहे. थोडक्यात या वर्गाचा विषय उठणे, चालणे, वळणे, तोल सांभाळणे हा आहे. त्यात वय हे गिऱ्हाइकाचे वर्णन झाले आणि गुडघेदुखी हे काहींच्या येण्याचे कारण. पाटीवर मात्र या दोन गोष्टीच सर्वांत आधी चढतात.

नात्याची नावे ठेवण्याचा मोह मराठीत फार. मुंबईत गिरगाव चौपाटीवरच्या नाना-नानी पार्कनंतर त्या धर्तीची उद्याने गावोगावी झाली आणि ते नाव लोकांनी आनंदाने स्वीकारले. पण उद्यान आणि व्यायामवर्ग यांत फरक आहे. उद्यानात नातवंडे बरोबर असतात, तिथे नानी ही खरोखरच नानी असते. व्यायामवर्गात फी भरून एकटी आलेली 61 वर्षांची निवृत्त बँक अधिकारी कुणाचीच आजी म्हणून आलेली नसते; कदाचित ती आजी झालेलीही नसते. घरात ‘आजी’ ही हाक मायेची. अनोळखी तिशीतल्या माणसाने काउंटरवरून दिलेल्या त्याच हाकेने पुष्कळांच्या कपाळावर आठी चढते. पाटीवरची हाक तर सगळ्या रस्त्याला ऐकू जाते.

या आठीमागे नुसता मानीपणा नाही. डेन्मार्कमधल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. चाळिशीपुढची माणसे मनाने स्वतःला खऱ्या वयापेक्षा सरासरी 20 टक्के तरुण समजतात, असे त्यात दिसले. म्हणजे सत्तरीच्या गृहस्थाला आपण 56 वर्षांचे आहोत असे वाटते. त्याच्यासमोर ‘वृद्ध’ किंवा ‘म्हातारपण’ हा शब्द ठेवला, तर तो दुसऱ्या कुणाबद्दल तरी आहे असेच त्याला वाटणार. व्यापारात याचा धडा फार आधी मिळाला होता. अमेरिकेत 1950च्या दशकात हाइन्झ कंपनीच्या लक्षात आले की दात नसलेली वयस्कर माणसे लहान बाळांसाठीचे मऊ अन्न विकत घेऊन खातात. कंपनीने त्यांच्यासाठी ‘सीनिअर फूड्स’ या नावाने वेगळे डबे बाजारात आणले. ते चालले नाहीत. बाळाचे अन्न नातवासाठी नेतो असे दुकानात भासवता येत होते; ‘सीनिअर’ लिहिलेला डबा हातात असला की सबबच उरत नव्हती.

नात्यांच्या खालोखाल मोह पडतो तो संध्याकाळचा. सांजवात, सुवर्णसंध्या, मावळतीचे रंग, आनंदसंध्या ही नावे कानाला गोड लागतात आणि सुचायलाही वेळ लागत नाही. पण मराठी मनात संध्याकाळ आणि म्हातारपण यांची जोडी एकटेपणाशी घट्ट बांधलेली आहे. जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ हे नाटक मुले दूर गेलेल्या वृद्ध जोडप्याचे आहे, आणि आज सत्तरीत असलेल्या पिढीने ते पाहिलेले किंवा ऐकलेले असते. ‘सदन’, ‘निवारा’, ‘आधार’, ‘छाया’ या शब्दांचीही तीच गत. ते वाचले की डोळ्यांसमोर वृद्धाश्रम येतो. त्यातून वर्ग सकाळी सातला भरत असेल, तर ‘संध्या’ नुसती चमत्कारिकच वाटते.

‘सिल्व्हर’ आणि ‘गोल्डन’ हे तुलनेने निरुपद्रवी, पण इतके वापरून झिजलेले की त्यांतून आता सरळ ‘म्हातारे’ एवढेच ऐकू येते. जपानमध्ये हे कसे घडले त्याची गोष्ट मजेची आहे. तिथल्या राष्ट्रीय रेल्वेने सप्टेंबर 1973 मध्ये टोकियोच्या चुओ मार्गावर वयस्करांसाठी राखीव आसने सुरू केली. ती वेगळी दिसावीत म्हणून त्यांवर शिंकान्सेन गाडीच्या आसनांचे उरलेले रुपेरी कापड चढवले, म्हणून नाव पडले ‘सिल्व्हर सीट’. हाताशी असलेल्या कापडाच्या रंगावरून ‘सिल्व्हर’ हा तिथे वार्धक्याचा शब्द झाला. पुढे त्या आसनांचे नाव बदलून ‘प्राधान्य आसन’ करण्यात आले. सौम्य म्हणून आणलेला शब्द काही वर्षांत त्याच जुन्या अर्थाने जड होतो. त्यामुळे वयाला नवा गोंडस पर्याय शोधत बसण्यापेक्षा नावातून वयच काढून टाकणे जास्त टिकाऊ ठरते.

वयाचा उल्लेख करूनही मान राखणारे नाव अगदीच अशक्य नाही. पुण्यातल्या ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांचे ‘अथश्री’ हे नाव त्याचा चांगला नमुना आहे. ‘इतिश्री’ म्हणजे शेवट हे प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असते. तिथे ‘अथ’ ठेवले की सुरुवात होते आणि न बोलता वयाचाही निर्देश होतो. हे साधते कारण त्यात वाचणाऱ्याच्या बुद्धीवर भरवसा टाकलेला आहे. अशी शब्दकळा मात्र रोज सुचत नाही, आणि तिची नक्कल लगेच उघडी पडते.

वैद्यकीय नावांचे आकर्षण वेगळ्या कारणाने असते. वर्ग चालवणाऱ्याला वाटते की डॉक्टरी शब्दामुळे विश्वास बसेल, मुले आईवडिलांना निर्धास्त पाठवतील. पण 2006 मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात वयस्कर लोकांना पडण्यापासून बचाव करण्याच्या सल्ल्याविषयी विचारले गेले, तेव्हा बहुतेकांनी सल्ला उत्तम असल्याचे सांगितले. मात्र तो आपल्यासाठी नव्हे, आपल्यापेक्षा म्हाताऱ्या, अशक्त लोकांसाठी. अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष असा की पडण्याच्या धोक्याबद्दल बोलण्याऐवजी तोल आणि हालचाल सुधारण्याबद्दल बोलावे. व्यायाम तेच राहतात, पण ‘पडणे टाळा’ म्हटले की लोक लांब राहतात.

वैद्यकीय नावाला दुसरा अडथळाही आहे. ‘थेरपी’, ‘रिहॅब’, ‘फिजिओ’, ‘क्युअर’ हे शब्द उपचाराचे वचन देतात. शिकवणारी व्यक्ती प्रशिक्षित व्यायामशिक्षक असेल आणि फिजिओथेरपिस्ट नसेल, तर असे नाव सरळ दिशाभूल करणारे ठरते. कुणी शस्त्रक्रिया झालेला गुडघा घेऊन येतो, सांधा पूर्ववत करून मागतो, आणि त्याला नाही म्हणावे लागते. संजीवनी, निरामय, धन्वंतरी, आरोग्यधाम या संस्कृत शब्दांवरही रुग्णालयांनी आणि औषधांच्या दुकानांनी इतका हक्क सांगितला आहे की तिथे व्यायाम चालत असेल हे कुणाच्या मनात येत नाही. ‘केंद्र’ हा शब्दही बेताने वापरावा. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि व्यसनमुक्ती केंद्र यांच्या मधोमध जाऊन बसण्याची गरज नसते.

नाव बदलणे किती खर्चिक पडते हे अमेरिकेतल्या ‘एल्डरहॉस्टेल’ या संस्थेच्या उदाहरणात दिसते. 1975 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या शैक्षणिक सहली निवृत्तांमध्ये फार लोकप्रिय होत्या. पण युद्धोत्तर काळात जन्मलेली पिढी साठीला पोचली तेव्हा तिला ना ‘एल्डर’ पटेना, ना ‘हॉस्टेल’. 2009 मध्ये संस्थेने आपल्या सहलींना ‘एक्सप्लोरिटास’ असे घडवलेले नाव दिले. ‘एक्सप्लोरिका’ नावाच्या दुसऱ्या सहल कंपनीने साम्याबद्दल न्यायालयात धाव घेतली आणि 2010 मध्ये पुन्हा नाव बदलून ‘रोड स्कॉलर’ करावे लागले. शेवटचे नाव चांगले निघाले: रस्ता आणि शिकणे एवढेच त्यात आहे, आणि ‘ऱ्होड्स स्कॉलर’वरची कोटी ओळखणाऱ्याला ती गंमतही मिळते. मधल्या नावाने मात्र दाखवून दिले की वयाचा शब्द टाळला तरी कायद्याची तपासणी चुकत नाही.

आता मराठीत काय करता येईल हे एका कल्पित उदाहरणावर पाहता येईल. समजा, पुण्यात कोथरूडमध्ये लिफ्ट असलेल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर 600 चौरस फुटांचा हॉल आहे. हात नसलेल्या पण भक्कम बारा खुर्च्या, भिंतीला कमरेच्या उंचीवर लाकडी दांडा, रबरी पट्टे, अर्धा आणि एक किलोचे डंबेल, काही जाड चटया एवढे सामान. दोन शिक्षिका, सकाळी दोन तुकड्या आणि संध्याकाळी एक. येणारे बहुतेक 60 ते 80 या वयातले, निम्म्याहून जास्त स्त्रिया.

पहिला प्रश्न जागेला काय म्हणायचे हा. ‘जिम’ म्हटले की वजने आणि मोठ्याने लावलेली गाणी आठवतात. ‘स्टुडिओ’ हा शब्द या पिढीला फोटोच्या दुकानाकडे नाही तर प्रभात कंपनीकडे घेऊन जातो. ‘तालीम’ भारदस्त आणि अस्सल पुणेरी आहे, पण तिथे लाल माती आणि पुरुषच दिसतात. जुन्या व्यायामसंस्थांनी ‘मंडळ’ आणि ‘मंदिर’ हे शब्द वापरले: अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ 1924चे. त्यांच्या नावांत ना वय आहे ना व्याधी, हे लक्षात घेण्यासारखे. भाड्याच्या हॉलमधल्या वर्गाला मात्र ‘मंडळ’ म्हटले की वर्गणीचे पुस्तक घेऊन कुणी येईल असे वाटते. बायका आपसांत बोलताना ‘क्लासला जाते’ असेच म्हणतात. पाटीवर ‘क्लास’ लिहिला नाही तरी तो शब्द नावामागे आपोआप जोडला जाणार. म्हणून जागेचा शब्द सोडून नुसते एक विशेषनाम ठेवणे सोयीचे.

ते विशेषनाम शोधायला सर्वांत सुपीक जागा म्हणजे हालचालींसाठी मराठी आधीच जे बोलते ती. ‘जरा हातपाय मोकळे करून येतो’ या वाक्यात हलक्या व्यायामाची पूर्ण कल्पना आहे आणि ते विशीतला माणूसही म्हणतो. त्यातून ‘मोकळीक’ निघते. फेरफटका, रपेट, डौल, लय, ताल, समतोल, सहज, ऐसपैस ही आणखी काही. कागदावर सगळीच बरी दिसतात, पण चाळणीत एकेक गळू लागतात. ‘सहज’ घेतले तर लोक सहजयोगाशी जोडतील. ‘समतोल’मागे ‘आहार’ येतो, आणि आहारतज्ज्ञाची पाटी वाटते. ‘लय’ सुंदर, पण लय पावणे म्हणजे संपणे, आणि सत्तरीच्या गिऱ्हाइकाला हा अर्थ हमखास माहीत असतो. ग्रामीण कानाला ते ‘लय भारी’तले ‘लय’ वाटेल ते वेगळेच. ‘फेरफटका’ सहल कंपनीचे वाटते. ‘ऐसपैस’मध्ये बसणे आहे, उठणे नाही. उरतात ‘मोकळीक’, ‘रपेट’ आणि ‘डौल’.

‘रपेट’मध्ये घोड्याचा वेग आणि थोडी ऐट आहे. पण आत खुर्चीचे व्यायाम चालत असतील, तर नाव आणि काम जुळत नाही, आणि पहिल्या दिवशी आलेला माणूस आता चालायला कुठे जायचे असे विचारेल. ‘मोकळीक’ अर्थाने अगदी जवळचे. उणीव एवढीच की ‘मोकळीक मिळणे’ या प्रयोगात कुणीतरी ती देणारा असतो, आणि ‘आईंना तेवढीच मोकळीक’ असे सुनेच्या तोंडी सहज बसते. ‘डौल’ उभे राहण्याचा, चालण्याचा, मान धरण्याचा गुण सांगतो. डौलदार चाल हे तरुण नर्तकीचेही कौतुक असते आणि ताठ चालणाऱ्या ऐंशीच्या गृहस्थाचेही. तोलाचा व्यायाम यशस्वी झाला की बाहेरच्याला जे दिसते ते नेमके हेच. ‘डौल मिरवणे’ यात थोडा तोरा आहे खरा, पण कीव करणाऱ्या नावांच्या गर्दीत तो चालून जातो. या उदाहरणापुरती निवड ‘डौल’ची.

अर्थाने उतरलेले नाव कानावर आणि डोळ्यांवर उतरते का हे वेगळे पाहावे लागते. वयाबरोबर कमी होणारी श्रवणशक्ती आधी उंच स्वरातले आवाज गमावते. त्यामुळे स, श, फ, थ ही व्यंजने फोनवर एकमेकांत मिसळतात. ‘स्फूर्ती’ आणि ‘स्फटिक’ यांत गोंधळ होतो. ड, ल, र, म यांसारखे भरीव वर्ण तुलनेने स्पष्ट पोचतात. रिक्षावाल्याला, सुनेला, फोनवरच्या मैत्रिणीला एकदा सांगून कळेल ते नाव चांगले. पाटीचा प्रश्नही असाच. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला रंगांतला फरक कमी जाणवतो, म्हणून फिक्या पार्श्वभूमीवरचे करडे बारीक अक्षर कितीही नाजूक दिसले तरी पायरीवरून वाचता येत नाही. जोडाक्षरांनी भरलेले नाव लांबून एक काळा ठिपका होते. ‘डौल’ येथेही पास होते, मात्र रोमन लिपीत अडखळते: Daul, Doul, Dowl अशी तीन लेखने संभवतात. एक ठरवून ते पाटी, पावती आणि फोन यांवर सारखेच ठेवावे.

नाव लोकांपुढे ठेवताना प्रश्न कसा विचारला जातो यावर सगळे अवलंबून असते. ‘कसं वाटलं नाव?’ असे विचारले तर या पिढीतली माणसे भिडेखातर ‘छान आहे हो’ म्हणतात आणि त्यातून काहीच कळत नाही. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघातली किंवा विरंगुळा केंद्रातली दहाबारा माणसे पुरतात, पण त्यांत साठीतले आणि पंच्याहत्तरीपुढचे दोन्ही हवेत. त्यांना नुसते नाव लिहिलेला कागद दाखवून विचारावे: या पाटीमागे काय चालत असेल? मग दुसरा प्रश्न: ही जागा कुणाला सुचवाल? उत्तर ‘आमच्या मजल्यावरच्या आजींना उपयोग होईल’ असे आले की नाव पडले. बोलणाऱ्याने ते स्वतःपासून दूर ढकलले. ‘किती वाजता असतं?’ असा उलट प्रश्न आला तर ते लागले. दोन दिवसांनी फोन करून नाव आठवते का हे पाहिले की तिसरी चाचणीही झाली. ‘मी सकाळी डौलला जाते’ हे वाक्य न संकोचता म्हटले जाते का, हेही ऐकून घ्यावे. ‘मी सीनिअर केअरला जाते’ असे शेजारणीला सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

असे नाव घेतले की एक उणीव लगेच पुढे येते: ‘डौल’ वाचून तिथे कथक शिकवतात की शिवणकाम, हे कळत नाही. शिवाय खरोखर घाबरत आलेल्या माणसाला, हे आपल्याला झेपेल का, हे कळायला हवे. ही माहिती नावाखालच्या ओळीने द्यायची. ‘बसून आणि उभ्याने करायचे सावकाश व्यायाम’ ही ओळ पुरेशी आहे. तिने पंचविशीतला तरुण आपोआप गळतो आणि कुणाचे वयही निघत नाही. वय सांगायचेच असेल तर ते वेळापत्रकात, ‘60 वर्षांपुढील’ इतके कोरडे लिहावे. कोरड्या आकड्याने कुणी दुखावत नाही, कारण बसच्या सवलतीच्या पासवरही तो असतो. ‘तरुण मनाच्या ज्येष्ठांसाठी’ अशी मखलाशी मात्र टाळावी. मन तरुण असल्याचे प्रशस्तिपत्र कुणी मागितलेले नसते.

पुष्कळदा वर्ग शोधतात ती पुण्याबाहेर, परदेशात राहणारी मुले, आणि ती फोनवर ‘ज्येष्ठांसाठी व्यायाम, कोथरूड’ असेच टाकतात. त्यांच्यासाठी हे शब्द संकेतस्थळावर आणि गूगलच्या नोंदीतल्या वर्णनात असावेत. नावाच्या रकान्यात ते कोंबू नयेत. पाटीवर जे नाव आहे तेच त्या रकान्यात असावे असा गूगलचा नियम आहे. महाराष्ट्रात पाटीलाही कायद्याची चौकट आहे. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या 2022च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही नामफलक देवनागरी लिपीत मराठीतून लावावा लागतो. मराठी अक्षरे आधी यावीत आणि इतर लिपीतली अक्षरे त्यांच्यापेक्षा मोठी नसावीत, असे त्यात आहे. इंग्रजी नाव घेऊन त्याचे देवनागरीत लिप्यंतर लावणाऱ्यांची येथे गंमत होते. ‘एजलेस’ किंवा ‘अ‍ॅक्टिव्ह एजर्स’ देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून पाहिले की ते किती परके दिसते हे पाटी रंगवण्याआधीच कळते.

शेवटची तपासणी व्यापारचिन्हाची. 1999च्या कायद्यानुसार सेवेचे नुसते वर्णन करणारे नाव सहसा नोंदवून मिळत नाही. ‘ज्येष्ठ व्यायामवर्ग’ हे कुणा एकाचे होऊ शकत नाही. ‘डौल’ व्यायामाकडे बोट दाखवते पण त्याचे वर्णन करत नाही, त्यामुळे त्याची बाजू बरी. प्रशिक्षण आणि क्रीडा या सेवा 41व्या वर्गात मोडतात, वैद्यकीय सेवा 44व्या. व्यायामाचा वर्ग आणि दवाखाना यांच्यातली जी रेघ नावात सांभाळायची ती नोंदणीतही अशी आखलेली आहे. अर्ज करण्याआधी व्यापारचिन्ह कार्यालयाच्या संकेतस्थळावर तेच आणि तसाच उच्चार असलेली नावे शोधावीत. शोध मोफत असतो. व्यक्तीने किंवा छोट्या उद्योगाने ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गासाठी 4500 रुपये शुल्क आहे. अर्ज मान्य झाल्यावर नाव जर्नलमध्ये प्रसिद्ध होते, चार महिने हरकतीसाठी मोकळे राहते, आणि नोंदणी झाली की दहा वर्षे टिकते.

पाटीवर सांभाळलेला तोल आत बिघडण्याच्या दोन जागा आहेत. एक तुकड्यांची नावे. बाहेर ‘डौल’ आणि आत वेळापत्रकावर ‘अशक्त गट’, ‘सशक्त गट’ असे असेल तर सगळे वाया गेले. तुकड्यांना माणसांच्या कुवतीवरून नाव न देता साधनांवरून द्यावे: खुर्ची, दांडा, चटई. ज्याला जमिनीवर बसून उठता येत नाही तो ‘खुर्ची’त जातो, ज्याला धरायला काहीतरी लागते तो ‘दांड्या’ला, आणि पुढच्या महिन्यात कुणी खुर्चीतून दांड्याकडे गेले तर ती बढती वाटते. दुसरी जागा हाक. प्रवेशअर्जावर नाव, वय, औषधे, पूर्वीच्या शस्त्रक्रिया यांच्याबरोबर ‘आपल्याला काय म्हणून हाक मारावी?’ असा एक रकाना ठेवला की शिक्षिकांचा प्रश्न सुटतो. कुणी ‘काकू’ लिहिते, कुणी नुसते पहिले नाव, कुणी आडनावापुढे ‘सर’. निवृत्त शिक्षिका बहुधा ‘बाई’ लिहितात. आणि पन्नास वर्षांत कुणी पहिल्या नावाने हाक मारली नव्हती म्हणून तेच लिहिणाऱ्याही पुष्कळ असतात.